परदेशातील भावाला राखीचा संदेश: ताटासमोर बसल्यासारखा लिहा

प्रश्न: माझा धाकटा भाऊ काही वर्षांपासून जर्मनीत स्टुटगार्टला नोकरी करतो. राखी मी पोस्टाने पाठवते आणि त्या दिवशी हा मेसेज करते: ‘प्रिय भावा, रक्षाबंधनाच्या हार्दिक शुभेच्छा! तू कितीही दूर असलास तरी आपले प्रेमाचे नाते असेच अतूट राहो. तुला उदंड आयुष्य, सुख आणि यश लाभो, हीच ईश्वरचरणी प्रार्थना. तुझी ताई.’ त्याचे उत्तर येते, ‘थँक यू ताई, तुलाही.’ घरी आम्ही त्याला बंड्या म्हणतो. लहानपणी तो राखी पार गणपतीपर्यंत हातातून काढत नसे. या मेसेजमध्ये आपलेपणा कसा आणता येईल?

उत्तर:

ताई, तुम्हाला हवे असलेले वाक्य तुम्ही लिहिलेले आहे, फक्त ते भावाला लिहिण्याऐवजी आम्हाला लिहिले आहे. राखी गणपतीपर्यंत हातातून न काढणारा मुलगा तुमच्या प्रश्नात दिसतो. तुमच्या संदेशात मात्र तो कुठेच नाही. संदेशातील तिन्ही वाक्ये कोणत्याही बहिणीने कोणत्याही भावाला पाठवावीत अशी आहेत, आणि म्हणून त्याचे उत्तरही कोणत्याही भावाने द्यावे तसे येते. त्यात त्याचा काही दोष नाही, कारण उत्तर देण्यासारखे त्या संदेशात त्याला काही सापडतच नाही.

माझा भाऊ स्कॉटलंडमध्ये राहतो आणि त्यालाही मी दरवर्षी लिहिते. लिहिण्यापूर्वी मी एकच गोष्ट मनाशी पक्की करते: तो समोर असता तर आज मी त्याला ‘शुभेच्छा’ हा शब्द उच्चारून दाखवला असता का? राखी पौर्णिमेला आपण भावाला पाटावर बसवतो, डोक्यावर टोपी किंवा रुमाल ठेवायला सांगतो, कुंकू आणि अक्षता लावतो, राखी बांधतो, निरांजनाने ओवाळतो आणि हातावर गोड ठेवतो. त्या सगळ्या वेळात औपचारिक असे आपण काहीच बोलत नाही. ‘हलू नकोस’, ‘उजवा हात पुढे कर’, ‘रुमाल सरळ घे’ अशीच बोलणी चालतात, आणि धाकटा असेल तर नमस्कार करताना त्याला आशीर्वाद मिळतो. परदेशातल्या भावाला पाठवायचा संदेश या ओवाळण्याच्या जागी येतो. त्यामुळे शुभेच्छापत्रातली भाषा बाजूला ठेवून, ताटासमोर बसून तुम्ही जे बोलला असता तेच त्यात उतरले पाहिजे.

आता तुमचाच संदेश एकेक वाक्य घेऊन पाहू.

‘प्रिय भावा’ अशी हाक तुम्ही त्याला कधी मारत नसाल. घरी तो बंड्या आहे, तर संदेशही ‘बंड्या’ या हाकेनेच सुरू होऊ द्या. ऑफिसमध्ये त्याला त्या नावाने बोलावणारे कोणी नसते. ते नाव पडद्यावर दिसले की संदेश कोणाचा आहे हे त्याला खाली न पाहताच कळते. ‘हार्दिक शुभेच्छा’ गाळल्या तरी काही बिघडत नाही. आज कोणता दिवस आहे हे पुढच्या वाक्यांतून आपोआप येते.

दुसऱ्या वाक्यात ‘कितीही दूर’ आहे. या वाक्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे असे मला वाटते, कारण अंतराची जाणीव त्याला असतेच आणि ते अंतर त्या दिवशी एका अगदी साध्या अडचणीच्या रूपाने त्याच्यासमोर येते: राखी बांधणार कोण? एकटा राहणारा मुलगा पाकीट उघडतो, डाव्या हाताने उजव्या मनगटाला दोरा बांधू पाहतो आणि गाठ काही बसत नाही. माझ्या भावाने मला एकदा सांगितले, की तो एक टोक दातांत धरतो आणि दुसरे टोक डाव्या हाताने ओढतो. ते ऐकल्यापासून मी त्याला गोंड्याची, गाठ मारावी लागणारी राखी पाठवत नाही. दोन्ही टोके ओढली की घट्ट होणारी, सरकत्या मण्याची पाठवते. ‘आपले नाते अतूट राहो’ या वाक्याने जे साधत नाही ते ‘या वेळी सरकत्या मण्याची पाठवली आहे, दात वापरावे लागणार नाहीत’ या वाक्याने साधते, कारण त्यातून त्याला कळते की तो तिथे राखी कशी बांधत असेल याचा विचार बहिणीने इथे बसून केला आहे. तुमचा भाऊ राखी कशी बांधतो हे तुम्हाला माहीत नसेल, तर तोच तुमचा प्रश्न होऊ द्या.

तिसरे वाक्य प्रार्थनेचे आहे आणि ते मी काढायला सांगणार नाही. तुम्ही थोरल्या आहात, ओवाळताना आशीर्वाद देणे हे तुमचेच काम आहे. मात्र उदंड आयुष्य, सुख आणि यश या तिन्ही गोष्टी एकदम मागितल्या की त्यातली एकही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. गेल्या महिन्या-दीड महिन्यात फोनवर तो कशाबद्दल बोलला ते आठवा. भाड्याच्या घराचा शोध, जर्मन भाषेची परीक्षा, दुखरा गुडघा, नवीन साहेब, काहीही असेल. त्यातली एकच गोष्ट घ्या आणि आशीर्वाद तेवढ्यापुरता द्या. त्याने स्वतः सांगितलेली गोष्ट तुमच्या लक्षात आहे, हे त्यातून त्याला न सांगता समजते.

येथे एक सावधगिरी घ्यावी लागते. आपलेपणा आणायचा म्हटले की हात सहज जातो तो ‘आठवते का रे, लहानपणी आपण किती भांडायचो, किती मस्ती करायचो’ अशा वाक्याकडे. वरवर ते खासगी वाटते, पण भांडण आणि मस्ती प्रत्येक घरात झालेली असते. ओळखण्याची खूण सोपी आहे: संदेशावरची नावे बोटाने झाका आणि तोच संदेश शेजारच्या घरातील बहिणीने तिच्या भावाला पाठवला तर चालेल का ते पाहा. जे वाक्य तिथेही चालते ते काढून टाका. तुमची गणपतीपर्यंतची राखी या परीक्षेत टिकते. श्रावणी पौर्णिमेपासून भाद्रपद शुद्ध चतुर्थीपर्यंत जवळजवळ तीन आठवडे लोटतात, आणि तेवढ्या दिवसांत अंघोळीच्या पाण्याने राखीचे काय होते हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेले आहे. रंग उतरलेला दोरा, ओघळलेली जर, आईचे ‘अरे, काढ आता ते’ असे म्हणणे, यांतले जे तुमच्या घरी खरोखर घडले ते एकच लिहा. जुनी आठवण एकापेक्षा जास्त नको. दोन-तीन झाल्या की संदेश आजचा राहत नाही आणि त्याचे आताचे आयुष्य त्यातून गळून पडते.

हे सगळे धरून मी तुमचा संदेश असा लिहिला असता:

‘बंड्या, आज घरी नारळीभात झाला आणि पातेल्याच्या तळाची गुळाची खरवड कोणी मागितलीच नाही, तेव्हा तू इथे नाहीस हे सगळ्यांच्याच लक्षात आलं. राखी मिळाली ना? या वेळी सरकत्या मण्याची पाठवली आहे, एका हाताने घालता येते. उजव्या हातातच घाल. तू ती पार गणपतीपर्यंत ठेवायचास, दोऱ्याचा रंग उडून तो पांढरा व्हायचा आणि आई मागे लागायची तरी काढायचा नाहीस. यंदा किती दिवस ठेवतोस ते कळव. घराचं म्हणाला होतास, ते तुला मनासारखं आणि उन्हाचं मिळू दे, हा माझा आशीर्वाद. संध्याकाळी दिवा लावताना तुझ्या नावाने ओवाळणार आहे, तेव्हा फोन उचल. – ताई’

यातील राखीची गोष्ट तुमच्या प्रश्नातून घेतली आहे. नारळीभात, खरवड, घराचा शोध आणि संध्याकाळचे ओवाळणे हे मी अंदाजाने घातले आहे, तेव्हा ते जसेच्या तसे पाठवू नका. तुमच्या घरी त्या दिवशी पुरणपोळी झाली असेल तर पुरणपोळी लिहा, आणि काहीच गोड झाले नसेल तर तेही लिहा. न घडलेली गोष्ट भावाला फोनवरच्या दुसऱ्या वाक्यात कळते. याच कारणासाठी संदेशाचे पहिले वाक्य आदल्या दिवशी लिहून ठेवू नये. ते त्याच दिवशी, घरात जे दिसेल ते पाहून लिहावे. बाकीचा मजकूर आधी तयार ठेवायला हरकत नाही. भाषा मी बोलण्यातली ठेवली आहे, कारण तुम्ही त्याच्याशी ‘लाभो’ आणि ‘ईश्वरचरणी’ या शब्दांत बोलत नसाल.

तक्रार मात्र कटाक्षाने टाळा. ‘तुला कुठे आता आमची आठवण’ हे आपण लाडाने लिहितो, पण लिहिलेल्या अक्षरांत लाडाचा सूर उतरत नाही आणि घरापासून दूर असलेल्या माणसाला ते सणाच्या दिवशी बोचते. आई-बाबांच्या तब्येतीची काळजीही त्या संदेशात नको. ती दुसऱ्या दिवशी फोनवर सांगता येते. ओवाळणीचे गमतीत मागणे तुमच्यात पहिल्यापासून चालत असेल तर खुशाल लिहा, नसेल तर नव्याने सुरू करू नका. प्रश्न एकच विचारा आणि तो असा असू द्या, की ज्याचे उत्तर ‘तुलाही’ असे देताच येणार नाही. ‘किती दिवस ठेवतोस’ याला त्याला आकडा तरी द्यावा लागेल, किंवा तो हाताचा फोटो पाठवेल.

वेळेचेही पाहावे लागते. ऑगस्टमध्ये जर्मनीचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. आपण सकाळी ७ वाजता पूजा आटोपून संदेश धाडला, तर तिथे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. तो उठेपर्यंत त्यावर गटांमधल्या फुलांच्या आणि राख्यांच्या चित्रांचा ढीग साचतो आणि तुमचा संदेश त्याच ढिगात वाचला जातो. २०२६ मध्ये राखी पौर्णिमा २८ ऑगस्टला, शुक्रवारी आहे, म्हणजे त्याचा कामाचा दिवस. आपल्याकडे साडेदहा-अकराला पाठवलात तर त्याच्याकडे सात-साडेसात होतात आणि बाहेर पडण्यापूर्वी राखी हातात घालायला त्याला वेळ मिळतो. घरच्या गटावर हवी तर साधी शुभेच्छा टाका, पण हा संदेश त्याला एकट्यालाच पाठवा, कारण काकू-मामांच्या समोर कोणताही भाऊ ‘थँक यू’पलीकडे काही लिहीत नाही.

आणि पाकीट वेळेत पोहोचले नसेल, तसे कधी कधी होते, तर ‘राखी मिळाली ना’ हे वाक्य बदला. त्याऐवजी लिहा: ‘राखी अजून वाटेत आहे. आज घरात जो दोरा सापडेल तो बांध, माझी आली की त्यावरच घाल, आणि दिवस मोजायला तेव्हापासून सुरुवात कर.’