बंगाली-तमिळ सिनेमा: सुरुवात कुठून करायची?

बंगालीसाठी थेट ऋत्विक घटकांना हात घालू नकोस, ते नंतर. आधी सत्यजित रायांचा 'महानगर' (१९६३) बघ. घरखर्च भागेना म्हणून आरती घरोघरी विणकामाची यंत्रे विकायला बाहेर पडते आणि सासऱ्यांचा अबोला सुरू होतो. आपल्याकडच्या चाळीतही हे घडलं असतं, त्यामुळे संदर्भ समजावून घ्यावे लागत नाहीत. सहकारी एडिथ तिला लिपस्टिक देते, तिथे आरती झालेल्या माधवी मुखर्जींचा चेहरा बघ. सबटायटल वाचायची गरजच पडत नाही.

तमिळमध्ये 'काक्का मुट्टै' (२०१५). चेन्नईच्या झोपडपट्टीतली दोन भावंडं पिझ्झा खायचा म्हणून रुळांजवळचा कोळसा वेचून पैसे जमवतात. मारामारीचे मोठे सिनेमे मग बघ.

सबटायटल शक्यतो अधिकृत प्रदर्शनातलीच घे. वेगळी फाईल लावलीस, तर पाचव्या मिनिटाला आणि तासाभराने असं दोनदा तपास. दोन्हीकडे संवाद आणि ओळी यांतलं अंतर सारखंच असेल, तर व्हीएलसीमध्ये G किंवा H दाबून ओळी जुळवता येतात. अंतर वाढत गेलं असेल, तर फाईल वेगळ्या फ्रेमगतीच्या प्रतीसाठी केलेली असते. सेकंदाला २४ आणि २५ फ्रेममधला फरक तासाभरात जवळजवळ अडीच मिनिटांवर जातो, तिथे दुसरी फाईल शोधलेली बरी. तमिळमध्ये गाण्यांखाली ओळी येतात का तेही बघ. त्या गाळलेल्या असतील, तर कधीकधी अर्धी कथाच निसटते.