आधी वजाबाकी कर, मग टाइमटेबल दाखव

बाय,

तुझा व्हिडिओ पाहिला आणि तू विचारलंयस तेही वाचलं, की पहाटे चारला उठून चौदा तास अभ्यासाचं टाइमटेबल ठेवू की साधं ठेवू, साधं कोण बघणार. साधंच ठेव. त्या चौदा तासांत बस कुठेय सांग? जेवण कुठेय? आपल्या गोव्यातलं, साखळी गावाच्या बाजूचं बारावीचं पोर घे. सकाळी सहाला उठतं, हायर सेकंडरी दीडला सुटते, बस मिळून घरी पोचेपर्यंत अडीच, जेवून जरा पडलं की साडेतीन, चारला ट्यूशन आणि घरी यायला सहा. आधी हे सगळं वजा कर, मग उरतं ते टाइमटेबल.

उरतं काय तर साडेसहा ते सव्वासात आज वर्गात शिकवलेलं, साडेसात ते सव्वाआठ सगळ्यात जड जाणारा विषय, मग जेवण, नऊ ते पावणेदहा गणितं नाहीतर जुने पेपर, आणि शेवटची पंधरा मिनिटं कालचं आठवून बघायला. साडेदहाला झोप. झाले अडीच तास. कमी वाटतात ना? वाटू देत, पण हे पोर ते उद्याही करू शकतं.

आणि हे अडीच तास पुस्तक मिटून करायचे, हे व्हिडिओत ठासून सांग. धडा एकदा वाचायचा, पुस्तक बंद, आठवेल ते कागदावर, मग उघडून राहिलेलं लाल पेनाने. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हेच तपासलं होतं, पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत परत वाचणारे पुढे, पण आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. म्हणून तर वाचताना सगळं येतंय वाटतं आणि पेपरात हात थांबतो.

तुझा हुक इथेच आहे गं! पहिल्या तीन सेकंदांत अलार्मचं घड्याळ नको, ‘साडेसातला पुस्तक उघडलं, आठ वाजले, पान तेच’ एवढंच म्हण. मग लगेच वजाबाकी दाखव, बस, जेवण, ट्यूशन एकेक खोडत. टाइमटेबल मोठ्या अक्षरात चार-पाच सेकंद स्थिर ठेव, नाहीतर स्क्रीनशॉट घेता येत नाही.

रविवारची सकाळ मोकळी ठेव. गावची जत्रा येते, ताप येतो, बस चुकते, राहिलेलं तेव्हा निघतं. मोकळी जागा नसलेलं टाइमटेबल बुधवारी मोडतं आणि पोराला वाटतं मीच आळशी. पालक माझ्याशी यावरून भांडलेत, एवढ्याशा अभ्यासाने काय होणार म्हणून, तरी मी भिंतीवर मोठं टाइमटेबल कधी लावू दिलं नाही, आणि देणारही नाही.

परत शूट करशील तेव्हा आधी तूच आठवडाभर हे पाळ. जो स्लॉट रोज चुकेल तो काढून टाक, मग मला पाठव.