टेकआउट डबल दिला म्हणजे पार्टनरला नेमकं काय सांगितलं?

ब्रिजमधल्या टेकआउट डबलवरचे प्रश्न इतके साचलेत की आता एकत्रच घेतो. वेगवेगळ्या गावांतून आलेत पण गोंधळ सगळ्यांचा एकच आहे.

लातूर : समोरच्यानं 1 बदामनं ओपन केलं, पार्टनरनं डबल दिला, पुढच्यानं पास. माझ्याकडं निस्ते दोन पॉइंट. पास केला तर चालेल का?

नाही. पॉइंट नाहीत म्हणूनच तर बोलायचं, नाहीतर 1 बदाम डबल तसाच राहतो आणि समोरचे तो आरामात करून घेतात. तुमच्या आधीच्या खेळाडूनं पास न करता काही बोली दिली असती तर मात्र तुम्ही सुटला असता.

नांदेड : 1 किलवरवर डबल द्यायला दोन्ही मेजर चार-चारच लागतात का?

चार-चार असले तर उत्तम, चार-तीन चालतात, चार-दोनवर देऊ नका.

परभणी : डावीकडच्या नाही, उजवीकडच्यानं 1 बदाम म्हटलं. माझ्याकडं 14 पॉइंट, मी डबल दिला. पार्टनर 1 इस्पिक बोलला आणि दोन डाऊन गेला, वर आम्ही व्हल्नरेबल. क्लबात सगळे म्हणतात ओपनिंगची पानं असली की डबल द्यायचाच असतो. मग चुकलं कुणाचं? चारही हात लिहून पाठवतोय.

चारही हात पाठवले हे लई बरं केलं, नाहीतर लोक निस्तं "पार्टनर चुकला" एवढंच कळवतात.

तुमची पानं अशी होती: इस्पिक एक्का-पंजी, बदाम राजा-अठ्ठी-तिर्री, चौकट राजा-राणी-सत्ती-पंजी, किलवर राणी-सत्ती-चौकी-दुर्री. पॉइंट 14 बरोबर आहेत. पण डबल पॉइंट सांगायला नसतो हो! समोरच्याच्या रंगात माझ्याकडं पानं कमी आहेत, बाकीच्या तिन्ही रंगांत मी तुला सपोर्ट देऊ शकतो, तू सांगशील तो रंग चालेल, असं ते वचन असतं. पॉइंट त्याच्यानंतर येतात. तुमच्याकडं बदामाची तीन पानं आणि इस्पिकाची दोन, म्हणजे वचन दोन्हीकडून मोडलं, आणि तेही नेमकं इस्पिकात. 1 बदामवर डबल आला की पार्टनर सगळ्यात आधी इस्पिकच शोधणार, तिथं तुमच्याकडं चार पानं आहेत असंच तो धरून चालतो. तीन असली तर कसंबसं निभावतं, दोन म्हणजे फसवणूकच.

आता पार्टनरकडं बघा. इस्पिक गुलाम-नव्वी-सत्ती-तिर्री, बाहेर चौकटचा गुलाम आणि किलवरचा राजा, सगळे मिळून पाच पॉइंट. तो 1 इस्पिक बोलला, दुसरं काय बोलणार होता? त्याचं एक अक्षर चुकलेलं नाही. ओपनरकडं इस्पिकाचे राजा-राणी-दस्सी-अठ्ठी होते आणि तो बसला होता बरोब्बर तुमच्या पार्टनरच्या मागं, म्हणून गडी गप्प पास करून मोकळा झाला. डबलसुद्धा दिला नाही त्यानं, उगं कशाला सावध करा. हुकमाची तुमच्या बाजूला सहा पानं, त्यांच्याकडं सात. तुम्हाला इस्पिकचा एक्का, बदामचा राजा, चौकटचे दोन आणि किलवरचा एक असे पाच हात मिळाले, पाहिजे होते सात. गेले 200.

तुम्ही पास केला असता तर? ओपनरच्या पार्टनरकडं पाचच पॉइंट, त्यानंही पास केला असता, तुमच्या पार्टनरनंही, आणि 1 बदामवर गाडी थांबली असती. त्यांचे फार तर आठ हात होतात, म्हणजे 110, नाहीतर सातच आणि 80. पेअर्सच्या खेळात 110 आणि 200 मधल्या फरकानं अख्ख्या बोर्डाची वाट लागते. आणि तुमचं नशीब की पार्टनरकडं पाचच पॉइंट होते. दहा असते तर तो उडी मारून 2 इस्पिक बोलला असता, आणि तेव्हा तुमच्याकडं ना पुढं बोलायला तोंड, ना पास करायला.

आता हीच पानं जरा हलवून बघा. इस्पिक एक्का-अठ्ठी-पंजी-दुर्री, बदामची एकटी तिर्री, चौकट आणि किलवर होते तसेच. बदामचा राजा गेला, पॉइंट राहिले 11. क्लबातल्या नियमानं हा पास, पण मी यावर डोळे झाकून डबल देतो. पार्टनर कुठलाही रंग बोलला तरी डमीत चार पानं खाली येतात, आणि बदामच्या दुसऱ्या फेरीपासून कापायला सुरुवात. 14 वर पास आणि 11 वर डबल, हे ज्याला उलटं वाटतं त्यानं हे दोन हात समोर मांडून खेळून बघावेत. मेंढीकोटमधून आलेल्या मंडळींना हे पटायला जरा वेळ लागतो, कारण तिथं भारी पानं दिसली की हात शिवशिवतो.

मग 14 ची ती पानं कधीच बोलायची नाहीत का, असं विचाराल. पंधरा असते आणि बदाम असाच अडलेला असता तर 1 नो ट्रम्प. चौदाला मी पासच करतो, पण नो ट्रम्पची खालची हद्द प्रत्येक जोडी आपापली ठरवते, तेव्हा पार्टनरला समोर बसवून विचारा, मला नको.

अंबाजोगाई : 19 पॉइंट, इस्पिकाची सहा पानं, किलवरची एकच. समोर 1 बदाम. तुमच्या हिशोबानं डबल बसत नाही ना?

बसतो, हा एकच अपवाद. साधारण 18 च्या पुढं आधी डबल द्या, मग पार्टनर काहीही बोलू द्या, पुढच्या फेरीत आपला इस्पिक बोला. त्यावरून त्याला कळतं की हा डबल तिन्ही रंगांचा नव्हता, भारी हाताचा होता. 13-14 वर असं करून नंतर आपला रंग बोललात तर तो तुमच्याकडं 18 धरेल आणि गेमला नेऊन बुडवेल. तेवढ्यासाठी सरळ 1 इस्पिक ओव्हरकॉल आहे. हद्द 17 की 18 हे दोघांनी आधीच ठरवून ठेवा.

संभाजीनगर : डबल द्यायचा का नाही यावर मी बराच वेळ विचार केला, शेवटी पास केला. समोरच्यांनी डायरेक्टर बोलावला. कामून?

कारण तुमच्या विचारातूनच पार्टनरला कळलं की तुमच्याकडं काहीतरी आहे. विचार करायला बंदी नाही, पण पार्टनरनं त्याचा फायदा घ्यायला आहे. डायरेक्टरला बोलावणं म्हणजे भांडण नव्हे, त्यांनाच विचारा.

बीड : एका ऑनलाइन क्लासवाल्यांनी पैसे घेऊन "चॅम्पियन लोकांचा गुपित डबल" शिकवला. 1 इस्पिकवर बदाम चार, चौकट सहा, किलवर एकच असला तरी डबल, पार्टनर 2 किलवर बोलला की आपण 2 चौकट. खरं आहे का?

खरं आहे, गुपित मात्र नाही. इक्वल लेव्हल कन्व्हर्जन नावाची ही जुनी पद्धत आहे. 2 किलवरवरून 2 चौकट बोलायला पायरी वाढत नाही, म्हणून तो 2 चौकट 18 पॉइंट दाखवत नाही, एवढीच गंमत. पण क्लासवाल्यांनी अर्धंच सांगितलेलं दिसतंय. पार्टनरला हे ठाऊक नसेल तर त्याच्या लेखी तुम्ही भारी हात दाखवलात, आणि तो 3 नो ट्रम्पला पळणार. आणि पार्टनरनं उडी मारून 3 किलवर म्हटलं तर 3 चौकटवर जायचं का, तेव्हा हात किती पॉइंटचा पाहिजे, हे त्यांनी शिकवलं का? दोघांनी बसून तेवढं ठरवा, कन्व्हेन्शन कार्डावर लिहा, आणि तोवर त्या पानांवर 2 चौकटच बोला.