सात एकर जास्त की पाच एकर जास्त?

“सर, दारव्हा तालुक्यात आमचं १२ एकर वडिलोपार्जित वावर आहे. वरची ७ एकर बरड, खालची नाल्याकडची ५ एकर काळी, तिथंच विहीर अन् मोटर. आई-बाबा दोघंही नाहीत. मोठे भाऊ म्हणतात, मी विहिरीची ५ ठेवतो, तू ७ घे, वरून ३ लाख देतो. मला बरं वाटलं. ताईनं ५०० च्या स्टॅम्पवर ‘हक्क नाही’ असं लिहून दिलं आहे. आता ३ लाखांत बरडीवर बोअर मारू, की एजंट सांगतो ती पॉलिसी घेऊ? १० वर्षं दरसाल ३० हजार, १५ व्या वर्षी सव्वापाच लाख. गावात ओलिताचा मक्ता एकरी २५ हजार चालतो, बरडीचा ८ हजार. विकायचं म्हटलं तर काळीला १४ लाख, बरडीला ५ लाख.”

पॉलिसीचं आधी उरकतो. ती सव्वापाच टक्क्यांच्या आसपास पडते आणि तुमचा पैसा १५ वर्षं अडकतो. पोस्टात याहून बरं व्याज मिळतं. एजंटाला नमस्कार करा.

खरा घोळ ३ लाखांत आहे. हा आकडा भाऊंनी कुठून आणला, हे तुम्ही विचारलंच नाही. तुमच्याच पत्रातले दर घेऊन बघा. खालच्या ५ एकरांचा मक्ता वर्षाला सव्वा लाख, वरच्या ७ एकरांचा ५६ हजार. एकूण १ लाख ८१ हजार, म्हणजे बरोबरीचा वाटा साधारण ९० हजारांचा. तुम्हाला दरवर्षी ३५ हजार कमी पडतात. सात टक्के व्याज धरलं तरी ती तूट भरायला ५ लाख लागतात, शिवाय ठेवीचं व्याज मक्त्यासारखं वाढत जात नाही. विक्रीचा भाव धरला तर खालची जमीन ७० लाखांची, वरची ३५ लाखांची. फरकाचा अर्धा साडेसतरा लाख. जमीन हातून गेल्यावर ती पुन्हा त्याच भावात घ्यावी लागते, म्हणून मी दुसऱ्या आकड्याकडे जास्त झुकेन. भाऊ लबाड आहेत असं मी म्हणत नाही. एकर मोजायची सवय सगळ्यांनाच असते, आणि तुम्हालाही ७ हा आकडा ५ पेक्षा मोठा दिसला.

जुन्या माणसांच्या आणेवारीत मांडलं तर पारावर कुणालाही पटेल. काळीचा ओलिताचा एकर १६ आण्यांचा धरा. मक्त्याच्या हिशेबानं बरडीचा एकर ५ आण्यांचा. भाऊंकडे ८० आणे, तुमच्याकडे ३५.

आता बोअर. यवतमाळकडचा काळा पाषाण पाणी साठवतो तो झिजलेल्या थरात आणि भेगांत. उताराच्या माथ्यावर मुरूम वर आलेला असतो, झिजलेला थर पातळ असतो आणि पावसाचं पाणी खाली नाल्याकडे निघून जातं. म्हणूनच तुमच्या आजोबांनी विहीर खाली खणली. माथ्यावर बोअर लागणारच नाही असं नाही, एखादी भेग सापडते. पण कोरडा गेला तर ३ लाख गेले आणि ७ एकर बरडच राहिली. बरोबरीच्या वाट्याचा आधार असा लॉटरीवर ठेवत नाहीत.

साडेसतरा लाख भाऊंकडे नाहीत, हे उघड आहे. म्हणून पैशानं बरोबरी करण्याचा नाद सोडा आणि जमिनीनंच करा. उताराला आडवी रेघ मारली की एकाला काळी, दुसऱ्याला बरड येते. रेघ उताराच्या दिशेनं, माथ्यापासून नाल्यापर्यंत मारली तर प्रत्येकाच्या पट्ट्यात थोडी बरड, थोडी काळी येते. पांदण वरून असेल तर प्रत्येकाचा बैलगाडीचा रस्ताही आपापल्या पट्ट्यातून जातो. तसं असेल तर भाऊंच्या प्रस्तावात त्यांना खाली जायला तुमच्या बरडीतूनच वाट लागली असती, आणि तेही कुणी बोललेलं दिसत नाही.

रेघ मारण्याआधी खड्डे खणा. काळी म्हणजे सगळी सारखी काळी नसते. दर एकरात दोन-तीन ठिकाणी कुदळीनं तीन फूट जा. फुटाभरात मुरूम लागला तर ती जागा वरून कितीही काळी दिसो, हलकीच आहे. तीन फूट काळी लागली तर तिथं पावसाची ओल टिकते आणि हरभरा कोरडवाहूवरही निघतो. पण अगदी नाल्याकाठची खोल काळी जास्त पावसात चिबडते, सोयाबीन पिवळं पडतं. तिला मी १६ आणे देणार नाही, १२ देईन. असे आणे जागोजागी लिहून बेरीज करा आणि पट्ट्यांची रुंदी कमी-जास्त करून बेरजा जुळवा. मग ज्यानं रेघा मारल्या त्यानं शेवटी उचलायचं. चुलत्यांनी पंच होऊन भांडत बसण्यापेक्षा हे बरं.

विहीर एकाच्याच पट्ट्यात पडणार. ती, मोटरघर आणि भोवतालचे दोन-तीन गुंठे सामाईक ठेवा, आणि दुसऱ्याच्या पट्ट्याखालून पाइपलाइन नेण्याचा हक्क वाटणीपत्रात लिहा. पाणीपाळी दिवसांवर बांधू नका, तासांवर बांधा. कृषिपंपाला एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री वीज येत असेल तर आठवड्यानं पाळी बदलणाऱ्यांत एकाला कायम रात्रीचं पाणी येतं. मार्चनंतर विहीर दोन तासांत तळ गाठते, तेव्हा तासही कमी करावे लागतात. तेही आत्ताच ठरवा, कारण उन्हाळ्यात डोकी तापलेली असतात. वीजजोडणी बाबांच्या नावावर असेल तर बिल कोण भरणार, मोटर जळली तर खर्च कसा वाटायचा, हेही त्याच कागदात.

आणि ताई. तुमच्या पत्रात ती एका ओळीत आली, पण सगळा हिशेब तिच्यावर अडतो. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मजात हक्क दिला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की त्यासाठी वडील २००५ मध्ये हयात असण्याची अट नाही. जमिनीतला हक्क सोडायला नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. ५०० च्या स्टॅम्पवर लिहिलेला कागद दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला नसेल तर त्यानं तिचा हिस्सा संपत नाही. म्हणजे तुम्ही दोघं मिळून तिघांची जमीन वाटताय. उद्या ताई किंवा तिची मुलं उभी राहिली तर तुमची वाटणी पुन्हा उघडेल, आणि तोवर तुम्ही बोअर मारलेला असेल.

तिला घरी बोलवा आणि हा आण्यांचा कागद दाखवून विचारा. जमीन हवी असेल तर तीन पट्टे पाडा. काळीचे २०० गुंठे तिघांत ६६-६७ गुंठ्यांनी, बरडीचे २८० गुंठे ९३ गुंठ्यांनी. १२ एकरांत तेवढे पट्टे कसायला अरुंद होत नाहीत. तिनं खरंच मनापासून सोडला तर कुणाच्या बाजूनं सोडते ते नीट लिहून हक्कसोडपत्र नोंदवा. एकट्या भाऊंच्या नावे सोडला तर त्यांचे दोन हिस्से होतात, तुमचा एकच राहतो. हे तुम्हाला आधी कुणी सांगितलं होतं का?

नंतर सगळ्या सहधारकांच्या संमतीनं तहसीलदारांकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटणीचा अर्ज, मग भूमी अभिलेखकडून पोटहिस्सा मोजणी आणि फेरफार. सातबाऱ्यावर पीककर्जाचा बोजा असेल तर आधी बँकेशी बोला. मोजणी कपाशी निघाल्यावर लावा, उभ्या पिकात धुरे दिसत नाहीत. तोवर भाऊंचे ३ लाख घेऊ नका. त्यातले दहा हजारही घेतलेत तर उद्या ते “व्यवहार झाला” म्हणतील.