सत्तर रुपये कमी पडले तेव्हा

चि. भाच्यास अनेक आशीर्वाद,

रविवारी दांडिया बाजारात आलास, मोबाईलवरचं लोनचं स्टेटमेंट दाखवलंस आणि "मामा, हप्ता तर भरला, मग हे थकीत कसलं?" असं विचारून घाईत निघूनही गेलास. बावीस वर्षं कर्जवसुलीच्या टेबलावर काढली आहेत मी, म्हणून सवडीने लिहितो.

तुझ्या स्टेटमेंटमध्ये काय घडलंय ते आधी बघ. बाइकचा हप्ता ४,८६० रुपये, तारीख ५. त्या दिवशी खात्यात ४,७९० होते. मकरपुऱ्याच्या कारखान्याचा पगार तुला सातला मिळतो, हे मूळ दुखणं. कमी फक्त सत्तर रुपये, पण ऑटो डेबिटमध्ये अर्धामुर्धा हप्ता कापत नाहीत. पूर्ण रक्कम नसली की सगळाच परत जातो. मग तुझ्या बँकेने २९५ रुपये कापले आणि फायनान्स कंपनीने ५९० रुपये बाऊन्स चार्ज लावला. सत्तरसाठी ८८५! (५ तारखेला रविवार होता म्हणून हप्ता त्या दिवशी कापायलाच नको होता, हे तुझं म्हणणं जुन्या काळातलं. ऑगस्ट २०२१पासून ही वजावट सुट्टीच्या दिवशीही होते.)

९ तारखेला तू यूपीआयने ४,८६० भरलेस आणि निश्चिंत झालास. घोटाळा इथेच आहे. कंपनीने त्यातून आधी आपले ५९० वळते केले आणि उरलेले ४,२७० हप्त्यात जमा केले. म्हणजे हप्ता ५९० रुपयांनी अपुराच राहिला. पुढच्या महिन्यात पूर्ण ४,८६० कापले गेले, पण आलेला पैसा सर्वांत जुन्या थकबाकीत आधी जातो. त्यातले ५९० मागच्या हप्त्यात गेले आणि नवा हप्ता पुन्हा तेवढाच तुटका राहिला. असं चार महिने चाललंय. तू दर महिन्याला पैसे भरतोस आणि दर महिनाअखेर तुझ्या नावावर पंचवीस-सव्वीस दिवसांची थकबाकी दिसते.

सिबिलसारख्या संस्थांना कंपनी हेच कळवते: हप्ता किती दिवस उशिरा. त्या रकान्याला डीपीडी म्हणतात. हप्ता बाऊन्स झाला, एवढ्यावरून स्कोअर पडत नाही. हा आकडा शून्यावर येत नाही म्हणून पडतो. तीनच दिवसांत भरला असतास आणि माहिती पाठवायच्या दिवशी बाकी शून्य असती, तर बहुधा काही दिसलंही नसतं. ही माहिती जानेवारी २०२५पासून महिन्यातून किमान दोनदा जाते, त्यामुळे डाग लवकर लागतो तसा सुधाराही लवकर दिसतो.

आता करायचं ते असं. कंपनीच्या शाखेत जा आणि "आज भरला तर थकबाकी पूर्ण शून्य होईल" असा आकडा लेखी माग. नुसता हप्त्याचा आकडा विचारू नकोस. पैसे भरण्याआधी त्यांनी तीच रक्कम बँकेकडे पुन्हा कापायला पाठवली आहे का तेही विचार; नाहीतर दोनदा कापली जाईल, किंवा खात्यात पैसे नसले तर पुन्हा बाऊन्स होऊन दुसरा चार्ज लागेल. बाऊन्स चार्ज माफ करा, अशी विनंती कर. पहिलीच चूक असली की पुष्कळदा ऐकतात, पण तो त्यांच्या मर्जीचा भाग. दंडाचे पैसे मात्र मुद्दलात घालून त्यावर व्याज लावलेलं दिसलं, तर ते चालवून घेऊ नकोस. रिझर्व्ह बँकेने २०२३च्या परिपत्रकात ते बंद केलंय.

पैसे भरल्यावर महिनाभराने क्रेडिट रिपोर्ट काढ. सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट संस्थेकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. चालू महिन्याला शून्य दिसायला हवं. भरूनही थकबाकी दिसली तर कंपनीकडे आणि त्या क्रेडिट संस्थेकडे पावती जोडून लेखी तक्रार कर. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे. त्यानंतर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

मागच्या चार महिन्यांचे आकडे खरे असतील, तर ते कोणालाही पुसता येत नाहीत. रिपोर्टमध्ये छत्तीस महिन्यांचा इतिहास राहतो. नवे शून्य जमत गेले की जुन्याचं वजन कमी होतं. "पाच हजारांत सिबिल साफ करून देतो" म्हणणारा भेटला तर दारातूनच परत पाठव.

शाखेत गेल्यावर हप्त्याची तारीख १० करून मिळते का तेही विचार. नाही म्हणाले तर हप्त्यापुरतं वेगळं खातं ठेव आणि पगार झाला की पुढच्या हप्त्याचे पाच हजार तिथे टाक.

शनिवारी मी मोकळा आहे. कर्जाच्या कराराची प्रत घेऊन ये. भरलेले पैसे आधी कशात वळते करायचे याचं कलम मला वाचायचंय.

तुझा,
मामा