जॉबवर्कचा माल स्टॉकमध्ये दोनदा धरला: चूक की धोरणबदल?

"उद्यमबागेतली फाउंड्री आहे, इंड एएस लागू. ३१ मार्च २०२४ ला जॉबवर्कला गेलेली ४० लाखांची कास्टिंग्ज स्टॉकमध्ये दोनदा धरली. हा धोरणबदल दाखवता येईल का? ऑडिटर काय बघतील?"

नाही, ही मागील कालावधीची चूकच. चलनं तेव्हाच तुमच्या दप्तरात होती, ती नीट वापरली गेली नाहीत. फिफो सोडून भारित सरासरी धरली असती तर तो धोरणबदल. इंड एएस ८ प्रमाणे दोन्हींत तुलनात्मक आकडे सुधारतात, पण टिपेत चूक चूक म्हणूनच सांगावी लागते. (एएस ५ वाल्यांनी जुने आकडे न बदलता परिणाम चालू वर्षात वेगळा दाखवायचा.)

ऑडिटर त्यावेळचे मोजणीपत्रक जॉबवर्क चलनांशी ताडतील. मग जुना ऑडिट झालेला आकडा वजा त्या ओळीवरचा चुकीचा परिणाम म्हणजे सुधारित आकडा, हा मेळ ओळीनिहाय बघतील: २०२३-२४ चा करपूर्व नफा, कर, राखीव नफा, प्रति शेअर कमाई. इथे हमखास चुकतं ते एकच: शेवटचा स्टॉक घटवतात, पण २०२४-२५ चा सुरुवातीचा स्टॉक तसाच राहतो, आणि तेच ४० लाख त्या वर्षाचा नफा पुन्हा खातात.

३१ मार्च २०२३ चं मोजणीपत्रकही काढून ठेवा. तेव्हाही असंच झालं असेल आणि रक्कम महत्त्वाची असेल, तर १ एप्रिल २०२३ चा तिसरा ताळेबंद द्यावा लागेल.