वारांचं अरबी बडबडगीत: वाचकांचे प्रश्न

मुलगी दुबईत दुसरीत आहे. अरबीच्या तासाला वार विचारले की गडबडते. पाठ होईल असं छोटं गाणं मिळेल का?

हे घ्या. मीच जुळवलंय, त्यामुळे तिच्या पुस्तकात शोधू नका.

अस्सब्तु थुम्मल अहद,
हय्या उद्द या वलद!
यौमुल इथ्नैन,
सफ्फिक बिल यदैन!
अथ्थुलाथाउ वल अर्बिआ,
नलअबु फिल मसा.
या खमीसु या खमीस,
अन्त लना अनीस.
व बअदहुल जुमआ,
कअन्नहा शमआ.

अर्थ असा: शनिवार, मग रविवार, चल मुला, मोज! सोमवार आला, दोन्ही हातांनी टाळी वाजव. मंगळवारी-बुधवारी आम्ही संध्याकाळी खेळतो. गुरुवारा, तू आमचा सोबती. त्याच्यामागून शुक्रवार, जणू मेणबत्तीच.

‘यौम’ म्हणजे दिवस, ‘थुम्म’ म्हणजे मग, ‘यदैन’ म्हणजे दोन हात आणि ‘मसा’ म्हणजे संध्याकाळ. ‘वलद’ म्हणजे मुलगा. तुमची लेक त्यावर हसली तर हसू द्या, यमक तिथेच बसतं. ‘अर्बिआ’ आणि ‘मसा’ म्हणताना शेवटचा आ लांबवून घसा एकदम बंद करायचा, आवाज तुटल्यासारखा. थ मात्र आपल्या ‘थाळी’तला नाही. जिभेचं टोक दातांमध्ये ठेवून हवा सोडायची.

माझा मुलगा सोमवारी ‘थुलाथा’ म्हणतो, कधी ‘अहद’. आकडे पक्के येतात, तरी वार का चुकतात?

आकडे येतात म्हणूनच चुकतात! आपल्याकडे शाळेचा आठवडा सोमवारी उघडतो, म्हणून तो सोमवारला पहिला धरतो. अरबीत मोजणी रविवारपासून आहे. अहद एक, इथ्नैन दोन, थुलाथा तीन, अर्बिआ चार, खमीस पाच. सोमवारला एक धरला की अहद हातात येतो आणि पुढचे सगळे वार एका घराने सरकतात. ‘थुलाथा’ म्हणतो तेव्हा बहुधा तो शनिवारपासून मोजत असतो, कारण तिथली बरीच गाणी शनिवारपासूनच सुरू होतात. माझंही तसंच आहे.

उपाय बोटांवर करा. ‘अस्सब्तु’ म्हणताना मूठ बंद. ‘अहद’ला अंगठा वर, ‘इथ्नैन’ला दोन बोटं, असं ‘खमीस’ला अख्खा पंजा उघडा. ‘जुमआ’ला दोन्ही तळवे जोडायचे, कारण हा शब्द ‘जमणं, एकत्र येणं’ या धातूचा आहे. त्या दिवशी दुपारी मशिदीत सामूहिक नमाज असते. मग क्रम मोडून विचारा: ‘आज बुधवार, किती बोटं?’ चार आली की समजा वार लक्षात बसला. नुसतं गाणं म्हणून दाखवलं तर फसू नका, चाल पाठ असते आणि वार नसतात.

एक सापळा राहतो. शनिवार मोजणीत सातवा येतो आणि सातला अरबीत ‘सबआ’ म्हणतात, म्हणून मुलं सब्तला सात समजतात. तसं नाही. ‘सब्त’ हिब्रूतल्या ‘शब्बात’चा भाऊबंद आहे, विश्रांतीचा दिवस. सातचं नातं ‘उस्बूअ’शी आहे, म्हणजे आठवड्याशी.

संयुक्त अरब अमिरातीत जानेवारी 2022 पासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवार झाली आणि शुक्रवार अर्ध्या दिवसाचा. कामाचा आठवडा सोमवारी सुरू झाला, तरी सोमवारचं नाव ‘दुसरा’च राहिलं.

लिहिलेलं असतं ‘अल सब्त’, बाई म्हणतात ‘अस्सब्त’. पण ‘अल अहद’ तसंच राहतं. कुठे बदलायचं?

जीभ ज्या जागी ल म्हणते, त्याच परिसरात पुढचं अक्षर उच्चारलं जात असेल तर ल त्यात विरघळतो आणि ते अक्षर दुप्पट होतं. स आणि थ तसे आहेत, म्हणून अस्सब्त, अथ्थुलाथा. बाकीच्या पाच वारांत ल टिकतो. ‘अल इथ्नैन’ मात्र सलग म्हटलं तर ‘अलिथ्नैन’ ऐकू येतं. अरबीच्या पुस्तकांत या दोन गटांना सूर्याक्षरं आणि चंद्राक्षरं म्हणतात. मुलांना ही नावं भलतीच आवडतात.

शेजारची इजिप्शियन मुलं ‘तलात’ म्हणतात. मुलीने काय म्हणायचं?

शाळेत ‘थुलाथा’, अंगणात ‘तलात’. कैरोच्या बोलीत अशा शब्दांतल्या थचा त होतो. दोन्ही बरोबर आहेत, फक्त परीक्षेत पहिलं लिहायचं.

आमच्या रत्नागिरीकडे आजी ‘जुम्मा’ आणि ‘जुमेरात’ म्हणते. हे अरबीच ना?

जुम्मा अरबीच, जरा वळण बदललेला. जुमेरातीत अरबी ‘जुमआ’ला आपल्याकडची ‘रात’ जोडली आहे. इस्लामी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून गुरुवारची रात्र शुक्रवारच्या खात्यात जाते आणि त्या रात्रीचं नाव अख्ख्या गुरुवारला चिकटलं. दुबईच्या वर्गात मात्र आजीची जुमेरात चालायची नाही, तिथे ‘खमीस’च म्हणावं लागेल.